कपाळाचे पंधरा दिवस, जबड्याचे तीन महिने

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘चेहरा’ हा विषय ठरवला आणि त्यातला बोटॉक्सचा भाग माझ्याकडे आला. सौंदर्याचा हव्यास योग्य की अयोग्य, या वादात मला शिरायचं नव्हतं. त्यावर लिहून झालंय आणि त्यातून सुई टोचून घेणाऱ्या माणसाच्या हाती काही लागत नाही. मला वेगळंच विचारायचं होतं. पैसे मोजून, चेहऱ्यावर सुया घेऊन माणसं नाराज होतात ती नेमकी कशामुळे? औषध तेच असताना एकीला ते पावतं आणि दुसरीला का नाही?

त्यासाठी पुण्यात कर्वे रस्त्याजवळच्या एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंच्या क्लिनिकमध्ये, त्यांच्या आणि पेशंटच्या परवानगीनं, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायला मिळालं. नावं द्यायची नाहीत, एवढीच अट होती. तिथं बसल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की खोलीतला बराचसा वेळ टोचण्यात जातच नाही. तो बघण्यात आणि चाचपण्यात जातो. नाराजीची बहुतेक कारणं याच वेळात दडलेली असतात, असं आता माझं ठाम मत झालं आहे.

आठ्या कशासाठी पडतात

चौपन्न वर्षांच्या एक मुख्याध्यापिका समोर बसल्या होत्या. कपाळावर चार आडव्या आठ्या, भुवयांच्या मध्ये दोन उभ्या. त्यांनी वर्षभरापूर्वी दुसरीकडे कपाळात इंजेक्शनं घेतली होती. आठ्या गेल्या होत्या, पण त्याबरोबर दुसरंच काहीतरी झालं. “पाचव्या दिवसापासून डोळ्यांवर ओझं ठेवल्यासारखं वाटायला लागलं,” त्या म्हणाल्या. “वर्गात मागच्या बाकावरचं मूल बघायचं तर मान मागे टाकावी लागायची. घरचे विचारायचे, झोप झाली नाही का? दोन-अडीच महिने असे काढले.” त्या वेळी किती युनिट दिली होती, ते कुणी लिहून दिलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. “ताई, आता कपाळ अगदी सैल सोडा.” मग भुवयांच्या वर आपले दोन्ही अंगठे हलके टेकवून कपाळ जागच्या जागी धरलं आणि म्हणाल्या, “आता फक्त डोळे उघडा.” डोळे उघडले, पण अर्धेच. वरच्या पापणीची सैल कातडी पापणीच्या केसांवर येऊन टेकली होती. अंगठे काढताच भुवया आपोआप वर सरकल्या, चारही आठ्या उमटल्या आणि डोळे पूर्ण उघडले.

त्या क्षणी सगळं प्रकरण उलगडलं. कपाळावर उभा पसरलेला फ्रॉन्टॅलिस नावाचा स्नायू हा भुवई वर उचलणारा एकमेव स्नायू आहे. भुवई खाली ओढणारे मात्र कितीतरी: भुवयांच्या मधले, नाकाच्या मुळाशी असलेले, डोळ्याभोवती गोल फिरलेला. वयाबरोबर पापणीची कातडी सैल होते आणि नजरेवर येते. मग माणूस नकळत दिवसभर भुवया उचलून धरतो. या बाईंच्या आठ्या म्हणजे डोळे उघडे ठेवण्यासाठी चाललेल्या कामाची खूण होती. तो स्नायू ढिला केल्यावर आठ्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर आधारही गेला.

“अशा कपाळाला मी भरपूर डोस देऊच शकत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी बाईंना दोन रस्ते सांगितले. खरा उपाय म्हणजे पापणीची जास्तीची कातडी काढण्याची शस्त्रक्रिया. ती नको असेल, तर मधला मार्ग. भुवयांमधल्या उभ्या आठ्यांच्या जागी पाच ठिकाणी मिळून २० युनिट. त्यामुळे भुवई खाली ओढणारे स्नायू ढिले पडतील. आणि कपाळाच्या फक्त वरच्या भागात, केसांच्या रेषेजवळ, सहा ठिकाणी एकेक युनिट. भुवईच्या वरची दोन-तीन बोटं जागा अजिबात शिवायची नाही, कारण भुवई उचलण्याचं काम मुख्यतः तिथूनच होतं. “खालच्या दोन आठ्या राहतील. चालेल?” बाईंनी थोडा विचार केला आणि मान हलवली.

पंधराव्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा वरच्या दोन आठ्या जवळपास गेल्या होत्या, खालच्या दोन होत्या, उभ्या आठ्या भुवया आवळूनही पडत नव्हत्या. डोळे पूर्ण उघडे होते. कपाळाला डोस कमी असल्यामुळे तिथला परिणाम लवकर ओसरणार, हेही त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. नवव्या-दहाव्या आठवड्यात कपाळ पुन्हा हलायला लागलं. उभ्या आठ्यांची जागा चार महिने शांत राहिली.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आडव्या आठ्यांसाठी बोटॉक्सला २०१७ मध्ये मान्यता दिली, तीही भुवयांमधली जागा त्याच बैठकीत करायची असं धरूनच: दोन्हीकडे वीस-वीस युनिट. आपल्याकडे प्रत्यक्षात कपाळाला बरेच डॉक्टर त्याहून कमी देतात. पण ‘फक्त कपाळाचं करा, मधलं नको, खर्च वाढतो’ असा आग्रह धरणाऱ्या पेशंटला तो आग्रहच महागात पडतो. उचलणारा स्नायू ढिला आणि ओढणारे शाबूत राहिले, तर भुवई खाली येणारच.

बाटलीत काय असतं

बोट्युलिनम हे एका जिवाणूचं विष. नीट न टिकवलेल्या मांसातून होणाऱ्या विषबाधेचं बारकाईनं वर्णन जर्मन डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी १८२०च्या दशकात केलं. हेच विष थोड्या प्रमाणात औषध म्हणून चालेल, असा अंदाजही त्यांनी तेव्हाच बांधला होता. प्रत्यक्षात ते औषध झालं दीडशे वर्षांनी, सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांच्या हातून, तिरळेपणासाठी. १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली. कॅनडात व्हँकुव्हरला डोळ्यांच्या डॉक्टर जीन कॅरुथर्स पापण्या फडफडण्याच्या विकारावर ते वापरत होत्या. त्यांच्या एका पेशंटच्या भुवयांमधल्या आठ्या नाहीशा झाल्या. त्यांचे पती ॲलस्टेअर त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला आणि तिथून हे औषध सौंदर्योपचारात आलं.

मज्जातंतू जिथं स्नायूला भिडतो तिथं हे औषध काम करतं. मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन बाहेर पडलं की स्नायू आवळतो. ते रसायन बाहेर सोडणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन हे औषध तोडून टाकतं. स्नायू, मज्जातंतू, कातडी सगळं शाबूत असतं. फक्त हुकूम पोचत नाही. पुढे त्याच मज्जातंतूला तात्पुरते नवे कोंब फुटतात, त्यांच्यातून थोडा थोडा हुकूम जायला लागतो. कालांतरानं मूळ टोक पुन्हा कामाला लागतं आणि ते कोंब आटतात. औषध टिकण्याची मुदत ठरते ती मज्जातंतूच्या या दुरुस्तीवर. त्वचेत औषध साठून राहिलेलं नसतं. ‘चांगली कंपनी म्हणजे वर्षभर टिकेल’ ही आशा म्हणूनच फोल आहे.

बाटलीत द्रव नसतोच. तळाशी पांढरट, जेमतेम दिसेल असा थर असतो. १०० युनिटच्या बोटॉक्सच्या बाटलीत विष आणि त्याला जोडलेली प्रथिनं मिळून साधारण पाच नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे अब्ज भाग केले तर त्यातले पाच. ते फ्रिजमध्ये दोन ते आठ अंश तापमानात ठेवतात आणि वापरण्याआधी त्यात सलाईन घालतात. डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर अडीच मिलीलिटर घातलं. त्यामुळे एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट झाली. मग त्यांनी मधुमेही पेशंट वापरतात ती लाल टोपणाची, ४० रेघांची इन्शुलिनची सिरिंज घेतली. हिशेब सरळ: एक रेघ म्हणजे एक युनिट. सिरिंज भरताना समोर बसलेल्या माणसालाही मोजता येतं.

इथं एक गोंधळ वारंवार होतो. युनिट हे वजनाचं माप नाही, ते औषधाच्या ताकदीचं माप आहे आणि प्रत्येक कंपनीचं आपापल्या पद्धतीनं ठरतं. बोटॉक्सचं एक युनिट आणि डिस्पोर्टचं एक युनिट सारखं नाही. डिस्पोर्टची अडीच-तीन युनिटं बोटॉक्सच्या एकाच्या जवळपास धरतात. ‘मैत्रिणीला पन्नास युनिट दिली, मला वीसच’ अशी तक्रार करण्याआधी औषध कुठलं होतं ते विचारायला हवं.

चौदाव्या दिवसाआधी आरसा बघू नये

कपाळावर टोचल्यानंतर पहिले दोन दिवस काहीच घडत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भुवया उचलताना जडपणा जाणवतो आणि पूर्ण परिणाम दिसायला साधारण चौदा दिवस लागतात. क्लिनिकच्या रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं, की सगळ्यात जास्त फोन येतात ते चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान. एक बाजू हलते, एक नाही. एका भुवईचं टोक वर चढलंय. या फोनना त्यांचं उत्तर एकच असतं, चौदाव्या दिवशी या. दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच दिवशी ढिले पडत नाहीत आणि घाईनं भर घातली तर पुढच्या आठवड्यात डोस जास्त होऊन बसतो.

चौदाव्या दिवशीही जे उरतं ते खरं. भुवईचं बाहेरचं टोक धनुष्यासारखं चढलेलं असेल, तर कपाळाचा मधला भाग ढिला पडलाय आणि कडेचा स्नायू एकट्यानं ओढतोय. त्या कडेला एखाद-दोन युनिट दिली की ते बसतं. हा सोपा दोष आहे. पापणी खाली येणं हा त्याहून गंभीर. त्यात भुवई जागेवर असते, पण एका डोळ्याची वरची पापणी बुबुळावर उतरते. भुवयांमध्ये टोचलेलं औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत झिरपलं की असं होतं. ते काही आठवड्यांत आपोआप सुटतं. तोवर ॲप्राक्लोनिडिनचे थेंब डोळ्यात घातले तर पापणी एक-दोन मिलीमीटर उचलली जाते. औषध उलटवणारं दुसरं इंजेक्शन मात्र नाही. ओठांत किंवा गालांत भरलेलं फिलर बहुधा विरघळवता येतं, म्हणून बोटॉक्सही ‘काढता’ येतं असं समजून लोक येतात. ते काढता येत नाही. वाट बघावी लागते.

त्यानंतरची तक्रार असते ती ‘आठ्या गेल्याच नाहीत’ ही. डॉक्टरबाई आधीच चेहरा शांत ठेवायला सांगतात आणि काही न करताही जी रेघ दिसते तिच्यावर बोट ठेवतात. ती रेघ कातडीत कोरली गेलेली असते. स्नायू थांबला की हलताना पडणारी आठी जाते, कोरलेली रेघ मात्र फिकट होते आणि उरते. वर्ष-दोन वर्षं नियमित केल्यावर ती आणखी बुजते, नाहीतर लेझरसारखा कातडीवरचा वेगळा उपचार लागतो. तिशीतल्या आणि साठीतल्या माणसाला त्याच डोसचा वेगळा निकाल दिसतो तो यामुळे. टोचण्याआधी काढलेला, चेहरा शांत असतानाचा फोटो म्हणून महत्त्वाचा. तो नसेल, तर पंधरा दिवसांनी आपल्यालाच आधीचं कपाळ आठवत नाही.

दात आवळा

आता जबडा. इथं औषध तेच, पण काम करण्याची रीत वेगळी आणि म्हणून काळही वेगळा.

कानाच्या खाली, जबड्याच्या कोनावर हात ठेवून दात घट्ट आवळले की बोटांखाली एक गोळा टणक होतो. तो मॅसेटर, चावण्याचा स्नायू. काही जणांत तो इतका मोठा असतो की चेहरा खालच्या बाजूला चौकोनी दिसतो. कपाळावर स्नायू थांबला की आठी लगेच पडेनाशी होते. जबड्यात स्नायू नुसता थांबून भागत नाही, तो बारीक व्हावा लागतो. प्लास्टरमध्ये सहा आठवडे ठेवलेला हात काढल्यावर जसा रोडावलेला दिसतो, तसंच हे. आणि रोडावायला वेळ लागतो.

हिंजवडीत नोकरी करणारी अठ्ठावीस वर्षांची एक मुलगी गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात या क्लिनिकमध्ये आली होती. लग्न डिसेंबरच्या सुरुवातीला होतं. तिला मी यंदा भेटले. तिच्या फोनमधले फोटो तारखांसकट होते, त्यामुळे सगळा क्रम नीट लावता आला.

डॉक्टरबाईंनी तिला दात आवळायला सांगितलं, तेव्हा दोन्ही बाजूंना ठळक गोळे उठले. दाढांचे कंगोरे घासून सपाट झाले होते. रात्री झोपेत ती दात खात असे, सकाळी कानशिलं दुखत. म्हणजे इथं रुंदी स्नायूचीच होती आणि औषधाला काम करायला जागा होती. “पण लग्नाला उशीर केलास,” डॉक्टरबाईंनी तिला सांगितलं. “तू ऑगस्टमध्ये यायला हवं होतंस.” तरीही तिनं करून घेतलं. प्रत्येक बाजूला २५ युनिट, तीन ठिकाणी, हाडाला सुई टेकेपर्यंत खोल. कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ पेन्सिलनं आखली होती आणि सगळ्या सुया त्या रेघेच्या खाली, स्नायूच्या पुढच्या कडेपासून बोटभर आत ठेवल्या होत्या. रेघेच्या वर गेलं तर गालाच्या हाडाखाली खळगा पडतो. फार पुढं गेलं तर हसताना ओठ बाजूला ओढणारा स्नायू ढिला पडतो आणि हसू वाकडं होतं.

सातव्या दिवशी ती घाबरून परत आली. जेवताना घास चावला की उजव्या गालावर लिंबाएवढा फुगवटा उठत होता. चेहरा बारीक व्हायच्या ऐवजी मोठाच दिसायला लागला, असं तिला वाटलं. हा प्रकार माहीत नसेल तर कुणीही घाबरेल. मॅसेटरच्या आत काही माणसांत पातळ पडदा असतो. खोल दिलेलं औषध त्या पडद्याच्या आतच राहतं. आतला भाग ढिला पडतो आणि वरचा भाग सगळं काम अंगावर घेऊन उसळतो. दुसऱ्या आठवड्यात त्या फुगवट्यात वरवर चार युनिट दिली आणि तो आठवडाभरात बसला.

तिसऱ्या आठवड्यात तिला चिक्की आणि कडक भाकरी चावताना दमायला व्हायचं. ही अशक्तता अपेक्षितच असते आणि काही आठवड्यांत ओसरते, कारण चावायला दुसरेही स्नायू आहेत. कानशिलांचं सकाळचं दुखणं दहाव्या-बाराव्या दिवशीच थांबलं होतं, तिच्या मते हाच सगळ्यात मोठा फायदा. पण आरशात? चौथ्या आठवड्याच्या फोटोत मला काहीच फरक दिसला नाही. आठव्या आठवड्यात, म्हणजे लग्नाच्या दिवशी, थोडा दिसतो, तोही शेजारी जुना फोटो ठेवला तर. जानेवारी सरता सरता चेहरा खाली स्पष्ट निमुळता झाला होता. “अल्बममध्ये जुना जबडा आहे आणि हनिमूननंतर नवा,” ती म्हणाली. यात औषधाची चूक नव्हती, तारखांचं गणित चुकलं होतं. तुळशीचं लग्न लागल्यावर मुहूर्त सुरू होतात आणि नवरात्रात मुली क्लिनिकमध्ये येतात, हे डॉक्टरबाई दरवर्षी बघतात.

परिणाम मग साधारण सहा महिने टिकला. मेच्या आसपास गोळा पुन्हा हाताला लागायला लागला आणि तिनं दुसरी बैठक घेतली. स्नायू पूर्ण पहिल्यासारखा व्हायच्या आत दुसरी, तिसरी वेळ झाली, की पुढचं अंतर वाढवता येतं आणि डोसही कमी लागतो, असा डॉक्टरांचा अनुभव. कपाळाच्या बाबतीत मात्र तीन-चार महिन्यांचं चक्र फारसं बदलत नाही.

स्नायू, हाड की सुपारी

याच मुलीची मैत्रीण तिचे फोटो बघून आली होती. तिनंही दात आवळले, पण बोटांखाली फारसं काही उठलं नाही. तिची रुंदी जबड्याच्या हाडाची होती, आणि थोडी गालाखालच्या चरबीची. तिला डॉक्टरबाईंनी परत पाठवलं. ती नाराज होऊन गेली. दुसरीकडे जाऊन करून घेईल कदाचित, आणि तिथं पैसे देऊन नाराज होईल. हाडाचा चौकोन बोटॉक्सनं बारीक होत नाही, हे फोटो दाखवून पटत नाही. स्वतःच्या बोटांनी चाचपल्यावर पटतं.

वाचक आरशापुढं हे करून बघू शकतात. जबड्याच्या कोनावर बोटं ठेवून दात आवळा आणि सोडा. आवळल्यावर जे टणक होतं आणि सोडल्यावर मऊ, तेवढंच कमी होण्यासारखं आहे. दोन्ही वेळा सारखंच कडक लागतं ते हाड. तिसरी शक्यता लाळग्रंथीची. कानाखालची लाळग्रंथी मोठी असली तरी चेहरा तिथं रुंद दिसतो आणि त्याचं कारण डॉक्टरनं आधी शोधलं पाहिजे.

चाळिशी-पंचेचाळिशीपुढच्या माणसांना डॉक्टरबाई जबड्याबद्दल आणखी एक सावधगिरीची गोष्ट सांगतात. भरलेला स्नायू वरच्या कातडीला ताण देऊन धरतो. तो रोडावला आणि कातडी सैल असेल, तर हनुवटीच्या बाजूला ओघळ दिसायला लागतात. तरुण चेहरा निमुळता होतो, पोक्त चेहरा उतरलेला दिसू शकतो. ज्याचे गाल आधीच बसलेले आहेत, त्याला तर हे अजिबात करू नये.

आणि सुपारीचा भाग खास आपल्याकडचा. दिवसभर सुपारी, मावा किंवा गुटखा चघळणाऱ्या पुरुषांचे मॅसेटर व्यायाम केल्यासारखे वाढतात. क्लिनिकमध्ये नगरकडचे एक दुकानदार आले होते, एकाच बाजूचा जबडा मोठा झालाय म्हणून. त्याच बाजूला ते सुपारी ठेवत. डॉक्टरबाईंनी जबड्याचा विषय बाजूला ठेवला आणि आधी तोंड उघडायला सांगितलं. तोंडात दोन बोटं उभी जेमतेम मावली. गालाचं अस्तर पांढरट आणि कडक होतं. हा सुपारीनं होणारा सबम्युकस फायब्रोसिस, आणि त्यातून पुढं तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. त्यांना बोटॉक्सची सुई न देता तोंडाच्या सर्जनकडे पाठवलं. सुपारी चालू राहिली तर स्नायू पुन्हा वाढणार, हे तर झालंच. पण तिथं मुद्दा जबड्याच्या आकाराचा उरलाच नव्हता.

‘टिकतच नाही हो’

सगळ्यात जास्त कानावर पडलेली तक्रार हीच. तिच्यात बऱ्याच गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. कपाळाचा परिणाम एका दिवशी संपत नाही. आठव्या-दहाव्या आठवड्यात थोडी हालचाल परत येते, आठ्या आधीसारख्या दिसायला तीन-चार महिने लागतात. पहिली हालचाल दिसली की ‘संपलं’ असं मोजणारी बाई दोन महिने सांगते, आणि आठी पूर्ण परत आल्यावर मोजणारी चार सांगते. दोघी खरंच बोलतात. डोस कमी असेल तर मुदत कमी असणार. पुरुषांचे स्नायू जाड, त्यांना तोच डोस कमी पडतो. वारंवार आणि मोठ्या डोसनं शरीरात प्रतिपिंडं तयार होऊन औषध लागूच पडेनासं होतं, असंही घडतं, पण आठ्यांच्या छोट्या डोसांत ते दुर्मीळ आहे. ‘मला आता चढतच नाही’ म्हणणाऱ्यांच्या बाबतीत आधी डोस आणि बाटली तपासावी.

बाटलीचा प्रश्न खरा आहे. ‘कपाळ अमुक रुपये, जबडा तमुक’ अशा पॅकेजमध्ये युनिट सांगितलीच जात नाहीत. शहरात युनिटमागे दर बरेच वेगवेगळे आहेत. तीनशे रुपये धरले तरी जबड्याच्या पन्नास युनिटांचे पंधरा हजार होतात. कुणी सहा हजारांत दोन्ही बाजू करून देत असेल, तर किती युनिट आणि कुठलं औषध, हे विचारायलाच हवं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेत नकली बोटॉक्सबद्दल सरकारी इशारा निघाला, कारण त्यामुळे अनेक राज्यांत माणसं आजारी पडली होती, काही हॉस्पिटलमध्ये दाखल झाली होती. हे प्रिस्क्रिप्शनचं औषध आहे, पार्लरमध्ये घेण्याचं नव्हे. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया आणि मायस्थेनियासारखे स्नायू थकवणारे आजार असणाऱ्यांनी ते घेऊच नये.

करून घ्यायचंच ठरवलं असेल, तर लग्न तीन महिन्यांच्या आत असताना जबड्याच्या मागे लागू नका, त्याला तेव्हा उशीर झालेला असतो. कपाळाचं करायचं तर समारंभाच्या किमान तीन-चार आठवडे आधी, म्हणजे चौदाव्या दिवशी काही दुरुस्ती लागली तर तिला जागा राहील. दिवाळीच्या अभ्यंगाच्या आदल्या दिवशी ही सुई घेऊ नका, कारण टोचल्या दिवशी कपाळाला तेल लावून चोळणं टाळायचं असतं. बाटली समोर उघडायला सांगा, औषधाचं नाव, बॅच नंबर आणि दोन्ही बाजूंची युनिटं कार्डावर लिहून घ्या. पुढच्या वेळी डॉक्टर कुणीही असो, तो कागदच उपयोगी पडतो. आणि टोचल्यानंतरच्या दिवसांत किंवा आठवड्यांत गिळायला त्रास, बोलताना आवाज बदलणं, दोन-दोन दिसणं किंवा श्वास जड होणं यांपैकी काहीही झालं, तर क्लिनिकला फोन करत बसू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा आणि बोट्युलिनम घेतल्याचं तिथं पहिल्यांदा सांगा.